भागिले किती तास?

"बॅटरीची गाडी चार लाखांनी महाग आहे. आपल्याला परवडत नाही." चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत खरेदीच्या बैठकीला हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मला राग येतो, आणि तो लपवावासाही वाटत नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन वाक्यं ठरलेली असतात. बॅटरी दोन-अडीच वर्षांत मरते. डिझेलला ताकद असते. आणि फारच अडलं तर गॅसची घ्या, तो मधला मार्ग आहे. एवढं बोलून झालं की डिझेलच्या कोटेशनवर सही होते आणि पुढची सात वर्षं कारखाना दर तासाला शंभर रुपये जास्त मोजत राहतो. ते कोणाला दिसत नाहीत, कारण ते कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात.

मी सव्वीस वर्षं देखभाल विभागात काढली. तिन्ही प्रकारच्या गाड्यांखाली झोपून काम केलं आहे आणि तिन्हींचा खर्च वहीत उतरवला आहे. त्या वहीच्या आधारावर सांगतो: ही चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि चारही वाक्यांच्या मुळाशी एकच चूक आहे. खर्च सगळे मोजतात. तो कितीने भागायचा, हे कोणी तपासत नाही.

एक उदाहरण घेऊ. मी काम करत होतो तो प्रेस शॉप. तीन टनी गाडी, एक शिफ्ट, वर्षाला ३०० दिवस. पत्र्याच्या कॉइल आणि तयार मालाच्या जाळ्या स्टोअरमधून प्रेसपर्यंत आणि प्रेसपासून डिस्पॅचच्या धक्क्यापर्यंत न्यायच्या. जुनी डिझेलची गाडी बदलायची होती. तेव्हा खरेदी विभागाने कागद पुढे सरकवला: "आपली गाडी तासाला फक्त १.८ लिटर डिझेल खाते. म्हणजे ९० रुपये लिटरने १६२ रुपये. याहून स्वस्त काय मिळणार?"

हा १.८ आकडा आला कुठून? आठवड्याचं डिझेल भागिले अवर मीटरवरचे तास. सहा दिवसांत ८४ लिटर लागले, मीटर ४६ तास पुढे गेला. भागाकार बरोबर होता. पण डिझेलच्या गाडीचा अवर मीटर इंजिन चालू असलं की फिरतो. गाडी माल उचलतेय की धक्क्यावर ट्रकची वाट पाहत धडधडत उभी आहे, हे त्याला कळत नाही. आम्ही आठवडाभर एका मुलाला घड्याळ आणि वही देऊन बसवलं. गाडी चालतेय, फोर्क वर-खाली होतायत, तेवढाच वेळ त्याने लिहायचा. बेरीज ३० तास आली. उरलेले १६ तास इंजिन नुसतं चालू होतं. ड्रायव्हर ते बंद करत नव्हता, कारण पुन्हा चालू करताना त्रास होतो अशी त्याची समजूत होती आणि ती चुकीची आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता ८४ लिटर भागिले ३० करा. कामाच्या तासाला २.८ लिटर, म्हणजे २५२ रुपये. नुसत्या उभ्या इंजिनाने भाजक फुगवला आणि त्या फुगवट्याने दर खाली आणला. गाडी जितकी जास्त वेळ वाया घालवेल, तितकी ती कागदावर स्वस्त दिसेल. असा हिशेब कोणत्या कामाचा? माल तर त्या ३० तासांतच हलला होता.

बॅटरी विकणाऱ्यांनी इथे खूश होऊ नये, कारण त्यांचा भाजक बरा असला तरी भाज्य खोटं असतं. त्यांच्या पत्रकात लिहिलेलं असतं: तासाला साडेपाच युनिट, सात रुपये दराने ३८ रुपये. हे साडेपाच युनिट बॅटरीतून बाहेर पडलेले असतात. बिल भिंतीतून आत गेलेल्या युनिटांचं येतं. शिसं-आम्लाच्या बॅटरीत चार्जर आणि बॅटरी मिळून तीस टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत आणि वायूत जाते, म्हणून साडेपाच युनिट वापरायला भिंतीतून आठ घ्यावे लागतात. आणि सात रुपये दर कुठला? ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, मागणी आकाराचा वाटा हे सगळं धरून बिलाची रक्कम युनिटांनी भागा. आमच्याकडे तो दहा रुपयांच्या घरात होता. म्हणजे खरा आकडा ८० रुपये. तरीही ८० आणि २५२ यांत जे अंतर आहे ते खोट्या आकड्यांची मदत न घेता उभं राहतं. मग खोटं कशाला सांगता? एकदा पकडलं गेलं की खरेदी विभाग तुमचा खरा आकडाही फेकून देतो. चार्जरच्या लाइनवर एक छोटा सबमीटर बसवा. त्याने सगळा वाद संपतो.

आता त्या चार लाखांकडे येऊ. आमच्यासमोर जे भाव होते ते गोल करून, जीएसटी बाजूला ठेवून सांगतो: डिझेल १३ लाख, गॅस १४ लाख, बॅटरी आणि चार्जरसह विजेवरची १७ लाख. सात वर्षं वापरायची आणि शेवटी तिन्ही तीन-तीन लाखांना जातील असं धरू. गुंतलेल्या सरासरी रकमेवर दहा टक्के व्याज. बॅटरीच्या गाडीला पाचव्या वर्षानंतर नवी बॅटरी लागणार. जुन्या बॅटरीच्या शिशाची भंगार किंमत वजा करून तिचे पावणेतीन लाख. ही सगळी रक्कम मी पहिल्या सात वर्षांतच टाकतो, जरी नवी बॅटरी त्यानंतरही चालणार असली तरी. बॅटरीच्या बाजूने एक रुपयाही ढिला सोडायचा नाही, म्हणून.

या हिशेबाने डिझेलच्या गाडीचा घसारा आणि व्याज वर्षाला सव्वादोन लाखांच्या जरा आत येतं. बॅटरीच्या गाडीचं, नव्या बॅटरीसकट, तीन लाख चाळीस हजार. फरक सुमारे १ लाख १६ हजारांचा. ज्या 'चार लाखांनी महाग'पणाचा बैठकीत एवढा धाक असतो, तो वर्षाला उतरवला की एवढाच उरतो.

दुसऱ्या बाजूला दर तासाचा चालू खर्च ठेवा. डिझेलचे २५२ आणि तेल, फिल्टर, बेल्ट, पंपाची दुरुस्ती यांचे ३५, मिळून २८७. विजेचे ८० आणि डिस्टिल्ड वॉटर, कॉन्टॅक्टर, साफसफाई यांचे २०, मिळून १००. तासामागे १८७ रुपयांचा फरक. १ लाख १६ हजारांना १८७ने भागा. उत्तर येतं वर्षाला सुमारे ६२० तास. ३०० दिवसांनी भागलं तर रोज दोन तासांपेक्षा थोडं जास्त.

या उत्तरापाशी मला थांबायचं आहे, कारण सगळा वाद इथे निकाली निघतो. तुमची गाडी रोज दोन तासांहून कमी खरं काम करत असेल तर डिझेल घ्या, मीच सांगेन. आठवड्यातून दोनदा मशीन हलवायचं, महिन्यातून चार कंटेनर उतरवायचे, एवढंच काम असलेल्या कारखान्याने सतरा लाख अडकवू नयेत. शिवाय बॅटरी न वापरताही म्हातारी होते, हे ध्यानात ठेवावं. पण आमची गाडी रोज पाच तास काम करत होती, वर्षाला १,५०० तास. तिथे डिझेल तासाला ४३६ रुपये पडतं आणि बॅटरी ३२६. ड्रायव्हरचा पगार दोन्हीकडे सारखा, म्हणून तो धरलेला नाही. एकशे दहा रुपये दर तासाला, वर्षाला एक लाख पासष्ट हजार. दुसरी शिफ्ट सुरू झाली तर वाढलेल्या प्रत्येक तासाला आणखी १८७ रुपये, म्हणजे १,५०० तासांचे दोन लाख ऐंशी हजार. त्यातून दुसरी बॅटरी तरी येते किंवा मधल्या सुट्टीत चार्ज करता येणारी लिथियमची गाडी तरी. मग 'परवडत नाही' हे वाक्य नेमकं कोणत्या गाडीला लागू आहे?

"पण बॅटरी अडीच वर्षांत मरते, मग तुमचा पाच वर्षांचा हिशेब कुठे राहिला?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला गेला, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर खरोखर मेलेली एक बॅटरी असते. ती मीही पाहिली आहे. एका कारखान्यात मला बोलावलं होतं. छत्तीस महिनेही न झालेली बॅटरी दोन तासांत बसत होती. मी झाकण उघडलं. वरच्या पत्र्यावर आम्लाचा ओला थर, कडांना गंज, टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी. हायड्रोमीटर घालून पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचा एकेक सेल तपासला. चांगल्या सेलला घनता १.२७-१.२८ यायला हवी. इथे बऱ्याच सेलना १.२२ होती आणि दोन सेल १.१८वर बसले होते. "पाणी कधी घालता?" असं विचारलं तेव्हा हेल्पर म्हणाला, "साहेब, संध्याकाळी चार्जिंगला लावायच्या आधी. गळ्यापर्यंत भरतो."

बॅटरीचा जीव इथेच गेला होता. चार्ज होताना द्राव फुगतो आणि शेवटी बुडबुडे येतात. आधीच गळ्यापर्यंत भरलेला सेल उतू जातो, आणि नुसतं पाणी नव्हे, आम्ल बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी त्या जागी पुन्हा पाणी. महिन्यागणिक आम्ल पातळ होत जातं. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं असतं. अपवाद एकच: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी फक्त त्या बुडण्यापुरतं. त्या कारखान्यात आणखीही एक गोष्ट झाली होती. बॅटरी ऐंशी टक्के उतरली की फोर्क उचलणं बंद करणारी सोय गाडीत असते. ती ड्रायव्हरला आडवी येते म्हणून इलेक्ट्रिशियनने तिची वायर जोडून टाकली होती. शिवाय जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चार्जर लावायची सवय. शिसं-आम्लाच्या बॅटरीला अशी अर्धवट चार्जिंग म्हणजे आयुष्यातली एकेक फेरी उगाच खर्च करणं. तिचा दिनक्रम आठ तास काम, आठ तास चार्ज, आठ तास थंड होणं असा आहे. तो पाळला, आठवड्याला पाणी पाहिलं आणि महिन्याला प्रत्येक सेलची घनता वहीत लिहिली, तर १,२०० ते १,५०० फेऱ्या मिळतात. रोज एक फेरी धरली तर चार-पाच वर्षं. घनतेच्या वहीचा फायदा हा की एखादा सेल इतरांपासून ढळायला लागला की तो सहा महिने आधी दिसतो आणि तेवढाच बदलता येतो.

म्हणून माझा उलट सवाल आहे. डिझेल इंजिनात दोन वर्षं ऑइल न बदलल्यामुळे ते जाम झालं, तर तुम्ही 'डिझेल इंजिन दोन वर्षांत मरतं' म्हणाल का? मेकॅनिकला जाब विचाराल. मग बॅटरीच्या वेळी दोष बॅटरीचा कसा?

चार्जिंगच्या वेळेबद्दल एवढंच: जुन्या माणसांना शिफ्ट सुटली की लगेच प्लग लावायची सवय आहे. २०२३मध्ये केंद्राने वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल करून असं तत्त्व घातलं, की दिवसाच्या सौर तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के स्वस्त असावी आणि औद्योगिक ग्राहकांना सर्वाधिक मागणीच्या तासांतली वीज किमान वीस टक्के महाग. संध्याकाळी सहाला लावलेला चार्जर नेमका महागड्या तासांत चालतो. एक टायमर बसवा आणि आपल्या बिलावरचे तासांचे गट नीट वाचून घ्या.

आता 'डिझेलला ताकद असते.' कशासाठी लागते ती? मला नेहमी धक्क्याच्या उताराचं उदाहरण देतात. उतार चढून बॅटरी संपते म्हणे. गणित करून पाहू. गाडी आणि माल मिळून साडेसहा टन. धक्का १.२ मीटर उंच. एवढं वजन एवढं वर न्यायला लागणारी ऊर्जा एका युनिटचा सुमारे पन्नासावा भाग आहे. मोटर, गिअर आणि टायर यांच्यातली गळती धरून दुप्पट करा. दिवसाला पन्नास चढ केले तरी दोन युनिट होतात. चाळीस युनिटांच्या बॅटरीला त्याने काय होणार? लांबलचक चढावर सतत ये-जा असेल तर मोटर तापते, ही मर्यादा खरी आहे. ती विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्यावी. उघड्या आवारातली खडी, पावसाळ्यातला चिखल, दगडी ठोकळे किंवा लाकडाचे ओंडके उचलणं, अशा ठिकाणी डिझेलच हवं. पण छताखालच्या गुळगुळीत फरशीवर चालणाऱ्या गाडीला चिखलाच्या ताकदीचा दाखला का द्यायचा?

आणि छताखाली डिझेल चालवणाऱ्यांनी हेही ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. पावसाळ्यात शटर अर्धं ओढलेल्या शॉपमध्ये आठ तास तो धूर घेणारी माणसं तुमची आहेत. त्याचा मी तासाला दर लावलेला नाही आणि लावणारही नाही. तो न लावताच डिझेल हरतं.

राहिला मधला मार्ग. गॅसबद्दल एक मान्य करतो: डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही, व्यावसायिक सिलिंडरवर मिळते. म्हणून किलोला ८० रुपये धरले. आमच्या कामाला तासाला २.८ किलो लागला असता, म्हणजे २२४ रुपये. घसारा, व्याज आणि देखभाल मिळवून तासाला ४२० रुपये. डिझेलपेक्षा सोळा रुपये कमी आणि बॅटरीपेक्षा चौऱ्याण्णव रुपये जास्त. हा मधला मार्ग कुठे झाला? हा डिझेलच्या शेजारचाच रस्ता आहे.

त्या सोळा रुपयांतूनही पुष्कळ गळतं. वर्षाला १९ किलोचे सुमारे २२० सिलिंडर लागतात. प्रत्येक बदलायला दहा मिनिटं, म्हणजे वर्षाचे छत्तीसएक तास गाडी आणि ड्रायव्हर उभे. प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी थोडा गॅस राहून परत जातो. अर्धा किलो धरला तरी तासाला सहा रुपये गेले. फोर्कलिफ्टला द्रवरूप गॅस देणारा सिलिंडर लागतो. स्वयंपाकाचा वायू सोडणारा सिलिंडर उभा बांधून चालवला की गाडी भार घेताना दम तोडते, आणि घरगुती लाल सिलिंडर लावणं तर सरळ बेकायदा आहे. मी तेही पाहिलं आहे. गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे १०० किलोच्या वर एलपीजी साठवायचा तर परवाना हवा, म्हणजे पाच सिलिंडरच्या पुढे गेलात की कागदपत्रं आणि वेगळी जागा आली. व्यावसायिक गॅसचा भाव दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, त्यामुळे ४२० हा आकडा पुढच्या महिन्याला टिकेलच असं नाही.

सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच. गॅसच्या गाडीचा धूर दिसत नाही, म्हणून ती स्वच्छ समजली जाते. मिश्रणाची सेटिंग बिघडून गॅस जास्त जाऊ लागला की एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. दुपारनंतर पॅकिंगच्या मुलींची डोकी दुखायला लागतात, एखादीला मळमळतं आणि सगळे उकाड्याला दोष देतात. गॅसची गाडी बंद जागेत चालवत असाल तर दर तिमाहीला एक्झॉस्ट तपासून घ्या. ते करत नसाल, तर तिला डिझेलपेक्षा सुरक्षित म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

आमच्या त्या प्रेस शॉपने शेवटी बॅटरीची गाडी घेतली. चार्जरला सबमीटर बसवला, पाण्याची आणि घनतेची वही भिंतीला टांगली, आणि फोर्क बंद करणाऱ्या सोयीवर सील लावलं.

माझे आकडे तुम्ही जसेच्या तसे घेऊ नका. तुमचा विजेचा दर वेगळा असेल, भाव वेगळे असतील, तुमच्या मर्यादेचा आकडा ६२०ऐवजी ५०० किंवा ८०० येईल. पण सही करण्याआधी एक आठवडा एका माणसाच्या हातात घड्याळ द्या आणि गाडी खरोखर किती तास माल हलवते ते लिहून घ्या. ते तास वर्षाला हजाराच्या वर असतील, काम छताखाली आणि पक्क्या फरशीवर असेल, आणि तरीही तुम्ही 'स्वस्त पडते' म्हणून डिझेलची गाडी घेत असाल, तर तुम्ही महागडी गाडी घेत आहात.